शाळेचा दहावीचा निकाल खरंच वाढतोय का? दहा वर्षांचे आकडे तपासण्याची पद्धत

शाळेच्या वार्षिक अहवालात, संस्थेच्या बैठकीत किंवा प्रवेशाच्या पत्रकावर दहावीच्या निकालाचा आलेख असतो. रेषा वर जाताना दिसली की "निकाल सातत्याने वाढत आहे" असं वाक्य त्याखाली येतं. बहुतेक वेळा हे वाक्य न तपासताच लिहिलेलं असतं, आणि तपासलं तरी दोन चुका ठरलेल्या असतात. एक म्हणजे पहिलं आणि शेवटचं वर्ष एवढंच पाहणं. दुसरी म्हणजे त्याच काळात साऱ्या राज्याचा निकाल वाढला होता का, हे न पाहणं.

पुढची पद्धत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालासाठी आहे. तिला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. एक स्प्रेडशीट आणि शाळेच्या दफ्तरातले आकडे पुरतात. उदाहरणातली शाळा काल्पनिक आहे, दरवर्षी साठेक मुलं बसवणारी. तिच्याशेजारी दिलेले राज्याच्या निकालाचे आकडे मात्र खरे आहेत.

## टप्पा १ : आकडे उघडण्याआधी प्रश्न लिहून ठेवा

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं बिघडतं. आलेख पाहून मग प्रश्न ठरवला, तर डोळा आपोआप सोयीचं वर्ष निवडतो. २०१९ पासून सुरुवात केली तर राज्यातल्या जवळपास कोणत्याही शाळेचा निकाल झेप घेतल्यासारखा दिसेल, कारण त्या वर्षी राज्याचाच निकाल ७७.१० टक्क्यांवर आला होता.

म्हणून कागदावर चार गोष्टी आधी लिहा. कोणती वर्षं घेणार? कोणते विद्यार्थी मोजणार? तुलना कशाशी करणार? आणि किती पुरावा मिळाला तर "वाढ आहे" असं म्हणणार? आपल्या उदाहरणातली उत्तरं अशी आहेत: २०१५ ते २०२५, त्यातून २०२१ वगळून दहा वर्षं; फक्त नियमित विद्यार्थी; तुलना राज्याच्या नियमित विद्यार्थ्यांच्या निकालाशी; आणि केवळ योगायोगाने इतका कल दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच "वाढ आहे" म्हणायचं.

तपासा : हा कागद शाळेबाहेरच्या माणसाने वाचला, तर तो तुमच्याशी न बोलता तीच वर्षं आणि तेच विद्यार्थी निवडेल का? नसेल तर प्रश्न अजून ढिला आहे.

## टप्पा २ : टक्केवारी नको, संख्या गोळा करा

जुन्या अहवालांतून टक्केवारी उतरवून घेऊ नका. प्रत्येक वर्षाचे प्रविष्ट किती आणि उत्तीर्ण किती, हे दोन आकडे घ्या आणि टक्केवारी स्वतः काढा. मंडळाकडून शाळेला मिळालेला एकत्रित निकाल हा त्यासाठी खरा आधार आहे. अहवालातली टक्केवारी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लिपिकांनी वेगवेगळ्या छेदाने काढलेली असते. कुणी नोंदणी केलेल्यांनी भागलेलं असतं, तर कुणी परीक्षेला बसलेल्यांनी.

फक्त नियमित विद्यार्थी घ्या. पुनर्परीक्षार्थी आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बसलेले खाजगी विद्यार्थी वेगळे ठेवा, कारण मंडळही त्यांचे निकाल वेगळे जाहीर करतं. मुख्य परीक्षेत एक-दोन विषय राहून एटीकेटी मिळालेला विद्यार्थी अकरावीत जाऊ शकतो, पण तो उत्तीर्ण नव्हे. पुरवणी परीक्षेत सुटलेले विद्यार्थी एका वर्षी मिळवायचे आणि दुसऱ्या वर्षी नाही, ही चूक शाळांच्या तक्त्यांत हमखास सापडते.

आपली शाळा अशी आहे:

| वर्ष | प्रविष्ट | उत्तीर्ण | शाळा टक्के | राज्य टक्के | फरक |
|---|---|---|---|---|---|
| २०१५ | ५८ | ५२ | ८९.६६ | ९१.४६ | -१.८० |
| २०१६ | ६२ | ५२ | ८३.८७ | ८९.५६ | -५.६९ |
| २०१७ | ५५ | ४७ | ८५.४५ | ८८.७४ | -३.२९ |
| २०१८ | ६४ | ५६ | ८७.५० | ८९.४१ | -१.९१ |
| २०१९ | ६० | ४३ | ७१.६७ | ७७.१० | -५.४३ |
| २०२० | ५७ | ५२ | ९१.२३ | ९५.३० | -४.०७ |
| २०२२ | ६३ | ६० | ९५.२४ | ९६.९४ | -१.७० |
| २०२३ | ५९ | ५४ | ९१.५३ | ९३.८३ | -२.३० |
| २०२४ | ६१ | ५६ | ९१.८० | ९५.८१ | -४.०१ |
| २०२५ | ६६ | ६१ | ९२.४२ | ९४.१० | -१.६८ |

स्प्रेडशीटमध्ये वर्ष A स्तंभात, प्रविष्ट B, उत्तीर्ण C, शाळेची टक्केवारी D, राज्याची E आणि फरक F अशी मांडणी ठेवा. पहिल्या ओळीत शीर्षकं, आकडे दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत. D आणि F साठी ही सूत्रं:

```
D2:  =ROUND(C2/B2*100,2)
F2:  =ROUND(D2-E2,2)
```

दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन मुद्दाम केलं आहे. तसं न केल्यास समान दिसणारे दोन आकडे आतून किंचित वेगळे निघतात आणि पुढची मोजणी चुकते.

सावधान : छेद तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रत्येक वर्षाच्या प्रविष्ट संख्येशेजारी आदल्या वर्षीची नववीची पटसंख्या लिहा. नववीत ७५ मुलं आणि पुढच्या वर्षी दहावीला नियमित म्हणून ५८ बसली, असं अंतर दरवर्षी वाढत गेलं असेल, तर निकाल सुधारला की कच्ची मुलं बाहेर राहिली हे ही चाचणी सांगू शकत नाही. कच्च्या मुलाला नववीतच थांबवलं किंवा १७ नंबरकडे वळवलं की टक्केवारी वाढते, शिकवणं तेच राहतं. असं अंतर दिसलं तर आधी त्याचा हिशेब लावा.

## टप्पा ३ : प्रत्येक वर्षाची परीक्षा तीच होती का, ते पाहा

दहा वर्षांचे निकाल एका रेषेत मांडताना आपण असं गृहीत धरतो की दहाही वर्षी एकच मोजपट्टी होती. ती नव्हती.

२०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल एका वर्षात ८९.४१ वरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. त्याशिवाय टाळेबंदीमुळे २०२० चा भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. निकाल ९५.३० लागला. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लागला, राज्याचा आकडा ९९.९५ होता. २०२२ मध्ये परीक्षा झाली, पण अभ्यासक्रम २५ टक्के कमी, वेळ वाढीव आणि केंद्र विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या शाळेत. २०२३ मध्ये पूर्ण अभ्यासक्रम परतला आणि निकाल ९३.८३ वर उतरला.

यातलं फक्त २०२१ वगळायचं, कारण त्या वर्षी परीक्षाच नव्हती. बाकीची वर्षं ठेवायची. २०१९ चा आकडा कुरूप दिसतो म्हणून काढावासा वाटेल, तसाच २०२२ चा सुंदर दिसतो म्हणून ठेवावासा वाटेल. वर्ष ठेवायचं की काढायचं, हे आकड्याच्या दिसण्यावरून ठरवू नका. त्या वर्षी जी परीक्षा कठीण किंवा सोपी झाली ती साऱ्या राज्याला झाली, म्हणून तिचा परिणाम वजा करण्याचा मार्ग टप्पा ६ मध्ये आहे.

२०२१ काढल्यामुळे पुरी दहा वर्षं हवी असतील तर मागे २०१५ पर्यंत जावं लागतं. नऊच वर्षं घेतली तरी पद्धत चालते, पण त्यासाठीचा शक्यतांचा तक्ता वेगळा असतो. टप्पा ५ मध्ये दिलेला तक्ता दहा आकड्यांसाठीच आहे.

## टप्पा ४ : एका वर्षाच्या आकड्यात किती डळमळ आहे, ते काढा

साठ मुलांच्या वर्गात एक मुलगा म्हणजे १.६७ टक्के. एकाला परीक्षेच्या आठवड्यात ताप आला, एकाचं गणित दोन गुणांनी राहिलं, की निकाल तीन टक्क्यांहून अधिक खाली येतो. शाळेत त्या वर्षी काही बिघडलेलं नसतं.

ही डळमळ अशी मोजा:

```
=SQRT(D2*(100-D2)/B2)
```

२०२४ साठी, म्हणजे ६१ मुलं आणि ९१.८० टक्के, उत्तर साधारण ३.५ येतं. शाळेचा खरा दर्जा अगदी तसाच राहिला, तरी निकाल साडेतीन टक्के वर किंवा खाली सरकणं ही रोजची गोष्ट आहे, आणि सात टक्के सरकणंही अधूनमधून घडेल. ९० टक्क्यांच्या आसपास निकाल असलेल्या ३०० मुलांच्या शाळेत ही डळमळ १.७ असते, तर २० मुलांच्या वाडीवरच्या शाळेत ६.७. म्हणूनच "गेल्या वर्षीपेक्षा दोन टक्क्यांनी वाढ" हे वाक्य मोठ्या शाळेतही जेमतेम अर्थपूर्ण असतं आणि लहान शाळेत अर्थहीन.

सावधान : निकाल १०० टक्के असेल तर हे सूत्र शून्य देतं. त्याचा अर्थ डळमळ नाही असा नव्हे, सूत्र तिथे चालत नाही एवढाच. साठपैकी साठ उत्तीर्ण झाले तरी नापास होण्याचा खरा दर ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३ ला मुलांच्या संख्येने भागलं की ही वरची मर्यादा झटकन मिळते.

हा आकडा अजून कलाची चाचणी नाही. पुढच्या टप्प्यांत दिसणाऱ्या चढउतारांकडे कोणत्या नजरेने पाहायचं, एवढंच तो ठरवतो.

## टप्पा ५ : जोड्या मोजा

आता मुख्य काम. आपण मान-केंडल चाचणी वापरणार आहोत. सरळ रेषा बसवण्यापेक्षा ती इथे बरी, कारण २०१९ सारखं एक कोसळलेलं वर्ष रेषेला ओढून वाकडं करतं, तर या चाचणीत कोण मोठं आणि कोण लहान एवढंच मोजलं जातं.

कल्पना साधी आहे. दहा वर्षांतून दोन-दोन वर्षांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत नंतरच्या वर्षाचा निकाल आधीच्यापेक्षा जास्त असेल तर +१, कमी असेल तर -१, समान असेल तर ०. सगळ्यांची बेरीज म्हणजे S. निकाल दरवर्षी न चुकता वाढला असेल तर S ४५ येईल, नुसताच वरखाली होत असेल तर शून्याच्या आसपास राहील.

```
G2:  =COUNTIF(D3:D$11,">"&D2)-COUNTIF(D3:D$11,"<"&D2)
```

हे सूत्र G10 पर्यंत खाली ओढा आणि G2 ते G10 ची बेरीज करा. शेवटच्या वर्षानंतर वर्षच नाही, म्हणून G11 रिकामा राहतो.

तपासा : आपल्या उदाहरणात G स्तंभात वरून खाली १, ६, ५, ४, ५, ४, -३, २, १ यायला हवेत. बेरीज २५. पहिलाच आकडा हाताने पडताळा. २०१५ चे ८९.६६ हे पुढच्या चार वर्षांपेक्षा जास्त आणि त्यानंतरच्या पाच वर्षांपेक्षा कमी, म्हणून ५ वजा ४, म्हणजे १. सूत्रातलं डॉलरचं चिन्ह विसरलात तर प्रत्येक ओळीत चुकीची वर्षं मोजली जातील आणि तरीही बरा दिसणारा आकडा येईल.

२५ हा मोठा आहे का? दहा वेगवेगळे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून डोळे मिटून ओळीत मांडले, तर S निदान इतका येण्याची शक्यता किती, ते हा तक्ता सांगतो:

| S निदान इतका | शक्यता |
|---|---|
| ११ | ०.१९० |
| १५ | ०.१०८ |
| १७ | ०.०७८ |
| १९ | ०.०५४ |
| २१ | ०.०३६ |
| २३ | ०.०२३ |
| २५ | ०.०१४ |
| २७ | ०.००८ |

ही शक्यता दुप्पट करा. निकाल घसरलाही असता तर तुम्ही त्याचीही दखल घेतली असती, म्हणून दोन्ही दिशा मोजाव्या लागतात. ०.०१४ ची दुप्पट ०.०२८, म्हणजे सुमारे ३ टक्के. आपली मर्यादा ५ टक्क्यांची होती. दुप्पट केल्यावर त्या मर्यादेत बसायला S किमान २३ लागतो. इथे तो २५ आहे, म्हणजे नुसत्या योगायोगाने असा क्रम लागणं अवघड.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि "वाढ सिद्ध झाली" असं लिहितात. पण सिद्ध काय झालं? नंतरच्या वर्षांचे आकडे आधीच्या वर्षांपेक्षा मोठे आहेत, एवढंच. ते कशामुळे मोठे आहेत, याबद्दल S काहीही बोलत नाही.

आकड्यांकडे पुन्हा पाहिलं की शंका येतेच. २०१५ ते २०१८ या चार वर्षांतला S शून्य आहे. २०२० पासूनच्या पाच आकड्यांतला S ४ आहे, आणि पाच आकड्यांत योगायोगाने निदान ४ येण्याची शक्यता एका दिशेने पाहिली तरी ०.२४२, म्हणजे चारात एकदा. तुकड्यांच्या आत चढण नाही. चढ आहे तो फक्त २०१९ आणि २०२० च्या मधल्या पायरीचा, आणि ती पायरी शाळेच्या नव्हे, मंडळाच्या दारात आहे.

## टप्पा ६ : राज्याचा चढउतार वजा करा

आता तीच मोजणी F स्तंभावर करा, म्हणजे शाळेचा निकाल वजा राज्याचा निकाल यावर.

```
H2:  =COUNTIF(F3:F$11,">"&F2)-COUNTIF(F3:F$11,"<"&F2)
```

H स्तंभात -५, ८, १, -२, ५, ४, -१, ०, १ येतील. बेरीज ११. तक्त्यात ११ समोर ०.१९०, दुप्पट ०.३८. म्हणजे शाळेने राज्याच्या तुलनेत काहीही प्रगती केली नसती, तरी असा किंवा याहून ठळक क्रम शंभरात ३८ वेळा दिसला असता. शाळेची म्हणून जी वाढ होती, तिचा पुरावा उरला नाही.

विभागाचा निकाल हाताशी असेल तर राज्याऐवजी तो घ्या. मंडळाच्या नऊ विभागांत अंतर मोठं असतं. २०२५ मध्ये कोकण विभागाचा निकाल ९८.८२ होता आणि नागपूर विभागाचा ९०.७८. विभागाशी तुलना केली की तिथले वर्षावर्षाचे बदलही वजा होतात. मात्र दहाही वर्षं एकाच मोजपट्टीशी तुलना करा. काही वर्षं विभाग आणि काही वर्षं राज्य अशी सरमिसळ केली, तर निव्वळ त्या बदलामुळे कल उगवतो किंवा मावळतो.

सावधान : फरक ऋण आहेत म्हणून चिन्ह काढून टाकू नका. -५.६९ ते -१.६८ ही वाढ आहे. चिन्ह पुसून ५.६९ ते १.६८ लिहिलं की सूत्र तिला घट मोजेल.

## टप्पा ७ : नापास मुलं मोजून पडताळा

टप्पा ६ मध्ये एक फट आहे, आणि अनुभवी लोकही तिच्यात अडकतात. निकाल १०० च्या जवळ सरकला की अंतरं आपोआप आक्रसतात. राज्य ७७ वर असताना शाळा पाच टक्के मागे असणं आणि राज्य ९७ वर असताना पाच टक्के मागे असणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या शाळेत राज्याच्या जवळजवळ पावणेतीनपट मुलं नापास होत असतात. पहिल्यात सव्वापटीहून कमी.

म्हणून उत्तीर्ण नव्हे, नापास मुलं मोजा. राज्याच्या दराने शाळेतली किती मुलं नापास व्हायला हवी होती, ते असं काढा:

```
=ROUND(B2*(100-E2)/100,2)
```

२०१५ साठी ५८ मुलं आणि राज्यात ८.५४ टक्के नापास, म्हणून अपेक्षित ४.९५. प्रत्यक्षात ६. एकेका वर्षाचं गुणोत्तर पाहू नका. २०२२ मध्ये अपेक्षित आकडा जेमतेम दोन आहे, तिथे एक मूल इकडेतिकडे झालं की गुणोत्तर उसळतं. पहिली पाच वर्षं एकत्र आणि शेवटची पाच एकत्र करा:

| काळ | प्रत्यक्ष नापास | अपेक्षित नापास | गुणोत्तर |
|---|---|---|---|
| २०१५ ते २०१९ | ४९ | ३८.१३ | १.२९ |
| २०२० ते २०२५ | २३ | १४.७० | १.५६ |

आलेखात वर जाणारी हीच शाळा राज्याच्या तुलनेत थोडी मागे पडलेली दिसते. आधी राज्याच्या दरापेक्षा २९ टक्के जास्त मुलं नापास होत होती, नंतर ५६ टक्के जास्त.

पण ज्या कसोटीने वाढ नाकारली, तिच्यातून ही घसरणही जायला हवी. दहा वर्षांत एकूण ७२ मुलं नापास झाली. एकूण अपेक्षित ५२.८३ पैकी १४.७० शेवटच्या पाच वर्षांत आहेत, म्हणजे २७.८ टक्के. दर्जा राज्याच्या तुलनेत कायम राहिला असता तर ७२ पैकी २० मुलं त्या काळात आली असती. आली २३. या आकड्याची डळमळ √(७२ × ०.२७८ × ०.७२२), म्हणजे ३.८. तीन मुलांचा फरक एका डळमळीच्याही आत आहे. वाढ ठरत नाही, तशी घसरणही ठरत नाही.

खरी सुधारणा असती तर किती दिसली असती? पहिल्या पाच वर्षांचे ४९ तसेच धरले आणि हाच हिशेब केला, तर शेवटच्या पाच वर्षांत बसलेल्या ३०६ मुलांपैकी ९ किंवा त्याहून कमी नापास व्हायला हवी होती. तेव्हा फरक दोन डळमळींच्या पलीकडे जातो. १० नापास झाली तरी तो आत राहतो.

तपासा : पाच-पाच वर्षांची विभागणी तुम्ही आकडे पाहण्याआधी ठरवली होती का? नवे मुख्याध्यापक आले किंवा जादा तास सुरू झाले म्हणून वेगळ्या वर्षी तोडायचं असेल, तर ते वर्ष टप्पा १ च्या कागदावर असायला हवं. सगळ्या जागी तोडून पाहिलं आणि सर्वांत मोठा फरक निवडला, तर ५ टक्क्यांची मर्यादा कागदावरच राहते.

## टप्पा ८ : निष्कर्ष चाचणीच्या ताकदीएवढाच लिहा

"वाढ सिद्ध झाली नाही" आणि "वाढ झाली नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. साठ मुलांच्या शाळेत एका वर्षाची डळमळ चार टक्क्यांच्या आसपास असते. अशा दहा आकड्यांतून राज्याच्या तुलनेत वर्षाला साधारण एक टक्क्याहून कमी असलेली वाढ ही चाचणी बहुधा पकडणारच नाही. म्हणजे दहा वर्षांत सात-आठ टक्क्यांची खरी सुधारणासुद्धा निसटू शकते. ज्या शिक्षकांनी ती मेहनत केली असेल त्यांच्यावर हा अन्याय होऊ नये, म्हणून ही मर्यादा निष्कर्षातच लिहा, तळटीपेत नव्हे.

उलट बाजूनेही तेवढीच काळजी घ्या. फरकांवरचा S २३ किंवा जास्त आला आणि नापासांचं गुणोत्तरही दोन डळमळींपेक्षा जास्त उतरलं, तरच "राज्याच्या तुलनेत सुधारणा" असं लिहा. दोहोंपैकी एकच खूण दिसली तर तसं स्पष्ट सांगा. संस्थेकडे दहा-बारा शाळा असतील आणि प्रत्येकीची चाचणी केली असेल, तर त्यांतली एखादी योगायोगानेच मर्यादा ओलांडू शकते. तिला वेगळं काढून तिचं अभिनंदन करण्याआधी इतर शाळांचे आकडेही त्याच पानावर छापा.

आपल्या उदाहरणातल्या शाळेच्या अहवालात हे वाक्य बसतं:

"२०१५ ते २०२५ (२०२१ वगळून) नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ८९.६६ वरून ९२.४२ टक्के झाला. याच काळात राज्याचा निकालही वाढला आहे. राज्याशी तुलना केल्यास शाळेच्या निकालात वाढ किंवा घट ठरवता येईल इतका फरक आढळला नाही. शाळेतील विद्यार्थिसंख्या पाहता दरवर्षी एक टक्क्याहून कमी असलेला बदल या पद्धतीने ओळखता येत नाही."

त्याखाली प्रविष्ट आणि उत्तीर्ण संख्यांचा पूर्ण तक्ता द्या. २०२६ चा निकाल लागला की त्यात एक ओळ वाढवा, पण २०१५ ची ओळ काढू नका. अकरा वर्षं झाली की दहाचा तक्ता लागू होत नाही, त्या संख्येचा तक्ता घ्यावा लागतो. प्रत्येक निकालानंतर चाचणी पुन्हा करून "या वर्षी तरी लागली का" असं पाहत बसलात, तर कधी ना कधी ती योगायोगाने लागेलच. म्हणून पुढची तपासणी कोणत्या वर्षी करायची, ते आजच टप्पा १ च्या कागदावर लिहून ठेवा.